होल्ड टाइम उणे सतरा: फ्लिप-फ्लॉपच्या आत क्लॉक उशिरा पोचतो तेव्हा

डिजिटल इलेक्ट्रॉनिक्सच्या पुस्तकात फ्लिप-फ्लॉपचे दोन नियम दिलेले असतात. क्लॉकची एज येण्याआधी थोडा वेळ डेटा स्थिर हवा, हा सेटअप टाइम. एज येऊन गेल्यावरही थोडा वेळ तो स्थिर हवा, हा होल्ड टाइम. मुंबईतला एखादा इंजिनिअरिंगचा विद्यार्थी हे पाठ करतो, मग प्रोजेक्टसाठी खऱ्या सेल लायब्ररीची, म्हणजे चिपसाठी तयार ठेवलेल्या छोट्या सर्किटांच्या संग्रहाची, फाइल उघडतो, आणि होल्डच्या तक्त्यात त्याला उणे आकडा दिसतो. वेळ उणे कशी असेल? मग दोनपैकी एक निष्कर्ष निघतो: फाइल चुकली आहे, किंवा फ्लिप-फ्लॉपला एज येण्याआधीच ती येणार हे कळतं. दोन्ही चूक. पहिला निष्कर्ष निदान तपासून पाहता येतो. दुसरा मात्र ‘परिणाम कारणाच्या आधी येऊ शकतो’ अशा पुड्यांच्या पंगतीत बसतो, आणि अशा पुड्या विज्ञानाच्या नावाने बऱ्याच फिरतात. इथे कुणालाही भविष्य कळत नाही. आकडा उणे येतो तो आपण कुठे उभे राहून वेळ मोजतो त्यामुळे.

समजा, ९:०३ ची एसी लोकल आहे. वेळापत्रक सांगतं ९:०३, पण दारं बंद होतात ९:०७ ला. स्टेशनच्या प्रवेशद्वारापासून पूल ओलांडून फलाटावर जायला तीन मिनिटं लागतात. म्हणजे ९:०४ ला स्टेशनात शिरलेल्या माणसालाही गाडी मिळते. वेळापत्रकाशी तुलना केली तर तो एक मिनिट उशिरा आला, तरी चढला. हा उणे सेटअप. आता उलट स्थिती घ्या. गाडी बरोबर ९:०३ ला दारं लावते आणि पूल ओलांडायला पाच मिनिटं लागतात. मग ८:५८ नंतर कोण स्टेशनात शिरलं, कोण नाही, याने डब्यातली गर्दी बदलत नाही. एज यायच्या पाच मिनिटं आधीपासूनच प्रवेशद्वारावर काहीही घडलेलं चालतं. हा उणे होल्ड. दारापाशी उभं राहून मोजलं असतं तर यातलं काहीच विचित्र वाटलं नसतं.

फ्लिप-फ्लॉपमध्ये प्रवेशद्वार म्हणजे सेलची डेटा पिन, वेळापत्रक म्हणजे क्लॉक पिनवरची एज, आणि दार म्हणजे आतला ट्रान्समिशन गेट. या दारापाशी थोडं थांबू, कारण सगळी गंमत तिथेच आहे.

आजच्या चिपमधला नेहमीचा फ्लिप-फ्लॉप मास्टर आणि स्लेव्ह अशा दोन लॅचचा असतो. डेटा पिनमधून आलेला सिग्नल आधी एका इन्व्हर्टरमधून जातो, मग ट्रान्समिशन गेटमधून मास्टरच्या आतल्या नोडवर पोचतो. क्लॉक शून्य असताना हा गेट उघडा असतो आणि मास्टर डेटाच्या मागे मागे जात राहतो. क्लॉक वर गेला की गेट बंद होतो, मास्टरमधली फीडबॅकची वाट चालू होते आणि त्या क्षणी नोडवर जे असेल ते तिथेच धरलं जातं. त्याच वेळी स्लेव्ह उघडतो आणि ती किंमत आउटपुटवर येते.

पण क्लॉक पिनची तार थेट त्या गेटला जोडलेली नसते. सेलच्या आत एकामागोमाग दोन इन्व्हर्टर असतात. पहिला उलटा क्लॉक तयार करतो, दुसरा तो पुन्हा सुलटा करतो. ट्रान्समिशन गेटला दोन्ही लागतात, कारण त्यात एक एनमॉस आणि एक पीमॉस ट्रान्झिस्टर शेजारी शेजारी असतात. हे क्लॉक सेलच्या आतच तयार करण्याचे दोन फायदे आहेत: बाहेरच्या क्लॉकच्या जाळ्यावर फक्त एका छोट्या इन्व्हर्टरचा भार पडतो, आणि गेटला बाहेरच्यापेक्षा तीक्ष्ण एज मिळते. किंमत म्हणून गेट बंद व्हायला उशीर होतो. उलट्या क्लॉकवर चालणारा एनमॉस एका इन्व्हर्टरच्या विलंबाने बंद होतो, सुलट्यावर चालणारा पीमॉस दोन इन्व्हर्टरच्या विलंबाने. म्हणजे दार एका क्षणात लागत नाही, टप्प्याटप्प्याने लागतं. त्यात एनमॉस शून्य चांगलं पोचवतो आणि पीमॉस एक चांगलं पोचवतो. म्हणून वर चढणाऱ्या आणि खाली उतरणाऱ्या डेटाचे सेटअप आणि होल्ड वेगवेगळे येतात, आणि लायब्ररीत त्यांचे तक्तेही वेगळे असतात.

आता हिशेब करू. आकडे समजण्यासाठी घेतले आहेत, पण अशा सेलमध्ये शोभतील असेच आहेत. गेट बंद होण्याच्या क्षणाआधी १५ पिकोसेकंद आणि नंतर ५ पिकोसेकंद नोडवरचा डेटा स्थिर हवा असं धरा. ही झाली २० पिकोसेकंदांची खरी खिडकी. क्लॉक पिनपासून गेटपर्यंतचा विलंब ३० आणि डेटा पिनपासून गेटपर्यंतचा विलंब १२ पिकोसेकंद आहे.

पिनवरचा सेटअप = आतला सेटअप + डेटाचा विलंब − क्लॉकचा विलंब
पिनवरचा होल्ड = आतला होल्ड + क्लॉकचा विलंब − डेटाचा विलंब

सेटअप येतो १५ + १२ − ३० = −३. होल्ड येतो ५ + ३० − १२ = २३. म्हणजे डेटा क्लॉकच्या एजनंतर ३ पिकोसेकंदांनी आला तरी पकडला जातो.

आता या फ्लिप-फ्लॉपला स्कॅनचा मक्स लावा. चिप तयार झाल्यावर तिची चाचणी घेता यावी म्हणून जवळपास प्रत्येक फ्लिप-फ्लॉपच्या तोंडाशी हा मक्स असतो. तो नेहमीचा डेटा आणि स्कॅनचा डेटा यांतला एक निवडतो. त्याने डेटाच्या वाटेत ४० पिकोसेकंदांची भर पडली, तर डेटाचा विलंब ५२ होतो. सेटअप होतो ३७, होल्ड होतो −१७. एजच्या १७ पिकोसेकंद आधी पिनवरचा डेटा बदलला तरी जुनीच किंमत पकडली जाते, कारण नवी किंमत अजून मक्समध्येच असते. खऱ्या लायब्ऱ्यांत दिसणाऱ्या उणे होल्डचं मोठं कारण हेच आहे.

दोन्ही सूत्रांची बेरीज करून पाहा. विलंब रद्द होतात आणि उरते फक्त आतली २० पिकोसेकंदांची खिडकी. −३ आणि २३ ची बेरीज २०, ३७ आणि −१७ ची बेरीजही २०. विलंब खिडकीला पुढे-मागे सरकवतात, तिची रुंदी बदलत नाहीत. म्हणून एकाच एजसाठी आणि डेटाच्या एकाच बदलासाठी सेटअप आणि होल्ड दोन्ही उणे असणं शक्य नाही. एखाद्या फाइलमध्ये तशी जोडी दिसली, तर मोजणीत चूक आहे.

उणे होल्ड कामाला येतो तो स्कॅनच्या साखळीत. तिथे एका फ्लिप-फ्लॉपचं आउटपुट थेट पुढच्याच्या स्कॅन पिनला जातं, मध्ये लॉजिक नसतं. पहिल्याला क्लॉकपासून आउटपुटपर्यंत ४० आणि तारेत ३, असे ४३ पिकोसेकंद लागतात असं धरू. दुसऱ्याचा क्लॉक पहिल्यापेक्षा ५० पिकोसेकंद उशिरा पोचतो. होल्ड शून्य असता तर नवा डेटा ७ पिकोसेकंद लवकर येऊन जुन्याला पुसून गेला असता. होल्ड −१७ असल्यामुळे १० पिकोसेकंदांची जागा शिल्लक राहते. साखळी चालते.

पण हा −१७ स्थिर नाही, आणि घात होतो तो इथे. दुसऱ्या फ्लिप-फ्लॉपला क्लॉक देणारा बफर कमजोर असेल किंवा त्याच्यावर भार जास्त असेल, तर क्लॉकची एज लोळत लोळत येते. आतले दोन इन्व्हर्टर मग हळू पलटतात आणि क्लॉकचा विलंब ३० वरून ५५ होतो असं समजा. होल्ड होतो ५ + ५५ − ५२ = ८. बाकीचं सगळं तेच, तरी आता ४३ − ८ − ५० = −१५, म्हणजे होल्ड मोडला. क्लॉकची वारंवारता कमी करून ही चूक सुटत नाही, कारण हिशेबात क्लॉकचा आवर्तकाल कुठेच नाही. तयार चिपमध्ये ओळखायची खूण तीच: वेग कितीही कमी केला तरी साखळीत एक बिट एक पाऊल आधीच पुढे सरकलेला दिसतो. चिप बनण्याआधी उपाय म्हणजे तारेत विलंबाचा बफर घालणं, किंवा त्याहून चांगलं, क्लॉकची एज तीक्ष्ण करणं. लायब्ररीतले तक्ते डेटाची आणि क्लॉकची एज किती तीक्ष्ण आहे त्यानुसार मांडलेले असतात ते यामुळेच. तक्त्याच्या एका कोपऱ्यात उणे असलेला होल्ड दुसऱ्या कोपऱ्यात अधिक असतो.

उलट बाजूने, मुद्दाम उणे सेटअप मिळवणारी रचनाही आहे. १९९६ साली मांडल्या गेलेल्या हायब्रिड लॅच फ्लिप-फ्लॉपमध्ये क्लॉक आणि तीन इन्व्हर्टरमधून उशिरा आलेला उलटा क्लॉक मिळून एजनंतर एक छोटी खिडकी उघडतात. उशिरा आलेला डेटा त्या खिडकीतून आत येतो. वेगवान प्रोसेसरला त्याचा फायदा होतो, पण बेरजेचा नियम सुटत नाही: होल्ड तितकाच वाढतो आणि छोट्या वाटांवर बफर घालत बसावं लागतं.

हे आकडे मोजतात कसे, तेही माहीत हवं. सिम्युलेशनमध्ये डेटाची एज क्लॉकच्या एजकडे थोडी थोडी सरकवतात. आउटपुट यायला आधी समजा ८० पिकोसेकंद लागत असतात. डेटा जवळ येऊ लागला की हा वेळ वाढत जातो, आणि शेवटी नवी किंमत पकडलीच जात नाही. साधारणपणे वाढ १० टक्क्यांवर, म्हणजे ८८ वर पोचते तिथे सेटअपची रेघ मारतात. म्हणजे सेटअप हा कडेलोटाचा बिंदू नसून वक्रावर माणसाने निवडलेला बिंदू आहे. शिवाय सेटअप मोजताना होल्डला भरपूर वेळ दिलेला असतो आणि होल्ड मोजताना सेटअपला. त्यामुळे ३७ आणि −१७ या दोन्ही मर्यादा एकाच वेळी गाठणारी २० पिकोसेकंदांची डेटाची अरुंद पल्स पकडली जाईलच याची खात्री नाही.

लॅमिंग्टन रोडवर मिळणाऱ्या ७४एचसी७४ चिपमध्येही हेच दिसतं. तिच्या काही डेटाशीटमध्ये ४.५ व्होल्टला होल्डची नेहमीची किंमत −२ नॅनोसेकंद दिलेली असते, पण हमीची मर्यादा +३ असते. ब्रेडबोर्डवर सर्किट चाललं म्हणून −२ वर विसंबू नका, डिझाइन +३ वर करा.

व्हेरिलॉग या हार्डवेअर लिहिण्याच्या भाषेत सिम्युलेशन करणाऱ्यांना यातून एक वेगळीच अडचण येते. साधा `$hold` उणे आकडा घेत नाही, कारण एज आल्यावर सिम्युलेटर मागे जाऊन डेटा पाहू शकत नाही. म्हणून सेलच्या मॉडेलमध्ये, आकडे नॅनोसेकंदांत धरून, असं लिहितात:

```verilog
$setuphold(posedge CK, D, 0.037, -0.017,
           notifier, , , dCK, dD);
```

शेवटचे `dCK` आणि `dD` हे क्लॉक आणि डेटाचे उशीर केलेले सिग्नल. मॉडेलचं लॉजिक मूळ पिनांवर नाही, या सिग्नलांवर चालतं. सिम्युलेटर इथे डेटाला पुरेसा उशीर लावून खिडकी एजच्या दोन्ही बाजूंना आणतो, म्हणजे सेलच्या आत जे घडतं तेच पुन्हा उभं करतो. व्हीसीएस या सिम्युलेटरमध्ये यासाठी `+neg_tchk` हा पर्याय द्यावा लागतो. तो विसरला तर उणे मर्यादा शून्य धरली जाते, आणि वरच्या १० पिकोसेकंद जागा असलेल्या चांगल्या साखळीवर `$setuphold` मोडल्याची खोटी तक्रार येते. एकाच सेलच्या वेगवेगळ्या तपासण्यांना एकत्र बसेल असा उशीर सापडला नाही, तरीही सिम्युलेटर एखादी उणे मर्यादा शून्य करतो आणि लॉगमध्ये तशी सूचना टाकतो. अशा तक्रारी मोजण्याआधी लॉगमध्ये ती सूचना शोधा.