घरच्या दाखल्यांची वही: आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

जून उजाडला की आमच्या काउंटरवर एक वाक्य हमखास ऐकू येतं: "दादा, दाखला तर फेब्रुवारीतच काढलाय, एवढ्यात कसा संपला?" विचारणारे खोटं बोलत नसतात. दाखला खरोखर फेब्रुवारीतला असतो आणि खरोखरच संपलेला असतो. पन्नासाव्यांदा तेच समजावून सांगण्यापेक्षा एकदा छापून द्यावं म्हणून हा कागद. फाइलला लावून ठेवा.

घरात फाइल सगळ्यांकडे असते. प्लास्टिकच्या पिशवीत का होईना, कागद असतात. नसते ती वही. कोणता कागद कोणाच्या नावावर, कधी निघाला, कधी संपतो आणि नव्याची तयारी कधी सुरू करायची, हे एका नजरेत दिसेल अशी जागा कुठेच नसते. वही शंभर पानी चालते. प्रत्येक माणसाला एक पान द्या, वडिलांच्या पानावर आईचे कागद घुसडू नका. रकाने सहा: कागदाचं नाव, त्यावर छापलेलं नाव जसंच्या तसं, अर्ज किंवा बारकोड क्रमांक, दिल्याची तारीख, संपण्याची तारीख, आणि सगळ्यात महत्त्वाचा सहावा, "काम सुरू". बहुतेक जण पाच रकान्यांवर थांबतात आणि आमच्याकडची गर्दी तिथूनच सुरू होते.

आता ती फेब्रुवारीची गोष्ट. नॉन-क्रिमीलेयर आणि उत्पन्नाचा दाखला हे आर्थिक वर्षाला बांधलेले असतात, तुमच्या अर्जाच्या तारखेला नाही. समजा, एका ताईंनी लेकीचा एक वर्षाचा नॉन-क्रिमीलेयर १२ फेब्रुवारी २०२५ ला काढला. घरी येऊन त्यांनी कॅलेंडरवर १२ फेब्रुवारी २०२६ ला गोल केला. दाखल्यावर मात्र वैधता ३१ मार्च २०२५ पर्यंत लिहिलेली. म्हणजे ज्याला त्या वर्ष समजल्या, तो दाखला सात आठवडेसुद्धा टिकला नाही. बारावीचा निकाल लागला, अभियांत्रिकीच्या प्रवेशाची वेळ आली. तिथे ३१ मार्च २०२६ पर्यंत वैध असलेला नॉन-क्रिमीलेयर मागितला. ताईंकडे होता तो अडीच महिन्यांपूर्वीच संपला होता.

म्हणून पहिला नियम: संपण्याची तारीख बोटावर मोजून लिहायची नाही, कागदावरून उतरवायची. ती वैधतेची ओळ बारीक अक्षरात असते, फोटोत तर वाचताच येत नाही. आम्ही मोबाइलवरचा फोटो घेऊन तारीख सांगत नाही, यावर काही मंडळी रुसतात. पण आठ आणि तीनमधला फरक अंधुक फोटोत चुकला तर प्रवेश जातो, आणि नाव आमच्या दुकानाचं होतं. मूळ कागद किंवा पोर्टलवरून उतरवलेली पीडीएफ आणा, एका मिनिटात सांगतो.

ज्यांना तीन वर्षांचा नॉन-क्रिमीलेयर मिळतो त्यांना थोडा श्वास मिळतो. तोही तिसऱ्या ३१ मार्चलाच संपतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये निघालेला तीन वर्षांचा दाखला ३१ मार्च २०२७ पर्यंतच चालेल, फेब्रुवारी २०२८ पर्यंत नाही. वहीत "३ वर्षे" असं लिहू नका, तारीख लिहा.

इथेच सहावा रकाना लागतो. ३१ मार्चला संपणाऱ्या कागदाचं काम कधी सुरू करायचं? तुम्ही म्हणाल, आधी, म्हणजे फेब्रुवारीत. हीच ती महागात पडणारी चूक. फेब्रुवारीत केलेला अर्ज चालू आर्थिक वर्षातलाच धरला जातो, त्याचा दाखला पुन्हा त्याच ३१ मार्चला संपतो, आणि पैसे नि हेलपाटा दोन्ही वाया. पुढच्या वर्षाच्या प्रवेशासाठी अर्ज १ एप्रिलनंतरच करायचा. तेव्हा नॉन-क्रिमीलेयरच्या ओळीत "काम सुरू" खाली १ एप्रिल लिहा. त्याच्या खाली, लहान अक्षरात, "कागद गोळा: मार्च" असंही लिहा. मार्चमध्ये करायचं काम निराळं आहे, ते पुढे सांगतो.

या ताईंच्या घरची २०२५-२६ ची ओळ नीट भरली असती तर कशी दिसली असती ते बघा. नॉन-क्रिमीलेयरला मागच्या तीन आर्थिक वर्षांच्या उत्पन्नाचा पुरावा लागतो: २०२२-२३, २०२३-२४ आणि २०२४-२५. त्यांचे मिस्टर अंबडला कंपनीत. पहिल्या दोन वर्षांचे फॉर्म १६ घरी आहेत. तिसऱ्या वर्षाचा फॉर्म १६ कंपनी साधारण जूनच्या मध्यापर्यंत देते, कायद्याने तिला १५ जूनपर्यंत मुदत आहे. तोवर थांबलं तर अर्ज जूनच्या शेवटी पडतो आणि प्रवेशाची कागद तपासणी तोंडावर येते. त्यामुळे मार्चमध्येच कंपनीच्या कचेरीत सांगून ठेवायचं की एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पगाराचा दाखला हवा आहे, आणि तो कोणत्या नमुन्यात चालेल हे आधी आमच्याकडे किंवा तहसीलमध्ये विचारून घ्यायचं. शेतकरी किंवा छोटा धंदा असणाऱ्या घरात तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आधी लागतो, आणि त्यासाठी तलाठ्याचा अहवाल. नव्या नावाप्रमाणे ते ग्राम महसूल अधिकारी झालेत, पण अजून सगळे "तलाठी आले का?" असंच विचारतात, आणि आम्हीही.

म्हणजे ही एक साखळी आहे. अहवाल, मग उत्पन्नाचा दाखला, मग नॉन-क्रिमीलेयर. शेवटच्या कडीला आम्ही तीन आठवडे धरतो, उत्पन्नाच्या दाखल्याला दोन. कधी त्याआधी हातात येतो, कधी त्रुटी निघून परत फिरतो. घरात यंदा प्रवेश असेल तर वहीत साखळी उलट्या दिशेने लिहा: नॉन-क्रिमीलेयर १५ मेपर्यंत हातात, त्यासाठी अर्ज २० एप्रिलच्या आत, त्यासाठी उत्पन्नाचा दाखला १८ एप्रिलपर्यंत हातात, त्यासाठी त्याचा अर्ज १ ते ४ एप्रिलमध्ये, त्यासाठी तलाठी मार्चच्या शेवटी गाठणे. एवढं लिहिल्यावर कळतं की जूनमध्ये दुकानात येणं म्हणजे गाडी सुटल्यावर नाशिकरोड स्टेशनात पोचणं आहे.

"पावतीवर अर्ज घेतात ना?" हाही नेहमीचा प्रश्न. काही प्रवेशांत नॉन-क्रिमीलेयरचा अर्ज केल्याची पावती तात्पुरती चालते, खरं आहे. पण मूळ दाखला ठराविक तारखेच्या आत द्यावाच लागतो, नाहीतर मुलाची गणना खुल्या प्रवर्गात होते. पावतीचा क्रमांक आणि ती तारीखसुद्धा वहीत उतरवा. आम्ही पावतीवर मागची तारीख टाकून देत नाही, मिळवूनही देत नाही. कृपया विचारू नका.

आता न संपणारे कागद. जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र आणि अधिवासाचा दाखला यांना वैधतेची तारीख नसते. अशा ठिकाणी "संपण्याची तारीख" मध्ये आडवी रेघ मारून लोक पुढे जातात. पण रेघ मारली म्हणून विसरता येत नाही. जात वैधतेला महिने लागू शकतात आणि ती बारावीनंतर निघेलच असं धरू नका. अकरावीला शाळेत प्रवेश घेतला की त्याच वर्षीच्या "काम सुरू" रकान्यात ती ओळ लिहा. यासाठी पुरावा पूर्वजांचा मागतात. इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ आणि विमुक्त-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ या तारखांपूर्वीचा महसुली वा शालेय पुरावा बघतात. तेव्हा आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, जुना फेरफार, गावच्या शाळेतला रजिस्टरचा उतारा, हे वहीच्या आजोबांच्या पानावर असू द्या, ते हयात असोत नसोत. कोणाकडे आहे तेही लिहा. "मोठ्या काकांकडे सिन्नरला, लोखंडी पेटीत" एवढं पुरतं. दिवाळीत काका भेटले की आठवण करता येते.

बाकीचे कागद मी भराभर सांगतो. पासपोर्ट मोठ्यांचा दहा वर्षांचा, लहान मुलांचा पाच वर्षांचा किंवा अठरा पूर्ण होईपर्यंत, यांतलं जे आधी येईल ते. अनेक देश प्रवासाच्या वेळी सहा महिने शिल्लक मागतात, म्हणून संपण्याच्या एक वर्ष आधीची तारीख "काम सुरू" मध्ये घाला. पासपोर्टच्या पुस्तिका आपल्याच नाशिकरोडच्या प्रेसमध्ये छापल्या जातात, पण त्याने आपली रांग कमी होत नाही. वाहन परवाना संपण्याच्या एक वर्ष आधीपासून नूतनीकरण करता येतं. संपून एक वर्ष उलटलं तर पुन्हा चाचणी. पीयूसी आणि विमा वर्षाच्या आत फिरणारे, ते एका पानावर गाडीच्या नावाने लिहा. मुलांच्या आधारला पाचव्या आणि पंधराव्या वर्षी बोटांचे ठसे नव्याने द्यावे लागतात, ते वाढदिवसाच्या महिन्यात टाका. निवृत्त माणसाच्या पानावर हयातीचा दाखला, नोव्हेंबर.

छापलेल्या नावाच्या रकान्याबद्दल एवढंच सांगतो, तो वाचायला सोपा वाटतो आणि फसवतो. आमच्याकडे आलेल्या एका वहीत मुलीच्या आधारवर "सुनिल", दहावीच्या गुणपत्रिकेवर "सुनील" असं वडिलांचं नाव होतं. जातीचा दाखला तिसऱ्याच शुद्धलेखनात. वहीत तिन्ही ओळी एकाखाली एक आल्या तेव्हाच घरच्यांना दिसलं, आणि त्यांनी ते निवांत सुधारून घेतलं. प्रवेशाच्या काउंटरवर कळलं असतं तर निवांत सुधारता आलं नसतं.

मोबाइलवरची आठवण "काम सुरू" च्या तारखेला लावा, संपण्याच्या तारखेला नको. आणि दोन फोनवर. एकाच्या फोनवर लावली तर तोच फोन बदलतो.

आमच्याकडे सहा रकाने छापलेली वही आणि प्लास्टिक पाकिटांची फाइल मिळते. साधी वही आखून घेतली तरी चालेल, आमचा आग्रह नाही. पहिली वही भरून हवी असेल तर सगळे मूळ कागद घेऊन मंगळवार ते गुरुवार दुपारी चार नंतर या, तुमच्यासमोर भरतो आणि कागद तिथल्या तिथे परत देतो. मूळ कागद आम्ही रात्रभर ठेवून घेत नाही. एका घराला साधारण पाऊण तास लागतो, त्याचा दर काउंटरमागच्या फलकावर आहे. ज्यांची वही आमच्याकडे भरली जाते त्यांना मार्चच्या पहिल्या आठवड्यात व्हॉट्सॲपवर आठवण जाते, त्याचे वेगळे पैसे नाहीत. जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात मात्र नवी वही भरून देत नाही, तेव्हा फक्त अर्ज.