एबीसी विश्लेषण, औषध भांडारातील

रुग्णालयाच्या किंवा दुकानाच्या औषध भांडारातील प्रत्येक औषधावर वर्षभरात किती रक्कम खर्च होते ते पाहून त्यांची ए, बी आणि सी अशा तीन गटांत विभागणी करण्याच्या पद्धतीस एबीसी विश्लेषण म्हणतात. ए गटात थोडीच औषधे येतात, पण एकूण खर्चाचा सुमारे ७० ते ८० टक्के भाग त्यांच्यावर जातो. सी गटात औषधांची संख्या सर्वांत मोठी असते आणि खर्चातील त्यांचा वाटा मात्र पाच-दहा टक्क्यांच्या आसपास असतो. उरलेली औषधे बी गटात मोडतात. थोड्या घटकांकडे मोठा वाटा असतो हे निरीक्षण इटालियन अर्थशास्त्रज्ञ व्हिल्फ्रेडो पारेटो यांनी संपत्तीच्या वाटपाबद्दल मांडले होते. साठ्याच्या व्यवस्थापनात ते एबीसी या नावाने रुजले ते जनरल इलेक्ट्रिक कंपनीतील एच. फोर्ड डिकी यांच्या १९५१ मधील लेखनानंतर.

औषधांच्या बाबतीत ही विभागणी कितपत खरी ठरते, याचे चांगले उदाहरण चंडीगडच्या स्नातकोत्तर वैद्यकीय शिक्षण व संशोधन संस्थेच्या औषध भांडाराचे आहे. त्या भांडाराच्या २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ४२१ औषधे व वस्तू तपासल्या होत्या. त्यांपैकी अवघ्या ५८ वस्तूंवर वर्षाच्या खर्चाचा सुमारे ७० टक्के भाग गेला होता, तर २७१ वस्तूंवर मिळून जेमतेम १० टक्के. म्हणजे सर्व ४२१ वस्तूंची दर आठवड्याला सारख्याच काळजीने मोजणी करू पाहणारा औषधनिर्माण अधिकारी आपला बहुतेक वेळ दहा टक्के रकमेवर घालवील.

विश्लेषणाची कृती साधी आहे. प्रत्येक औषधाचा वर्षभरातील प्रत्यक्ष खप घ्यायचा, त्याला एका नगाच्या खरेदी दराने गुणायचे, येणाऱ्या रकमांप्रमाणे औषधे उतरत्या क्रमाने लावायची आणि वरून खाली बेरीज करत जाऊन एकूण खर्चाशी तिचे टक्के काढायचे. ही बेरीज साधारण ७५ टक्क्यांपर्यंत पोचते तेथे ए गट संपवायचा आणि ९५ टक्क्यांच्या आसपास बी गट. या सीमारेषा काटेकोर नियम नव्हेत. लागोपाठच्या दोन औषधांच्या रकमांत जेथे ठळक दरी दिसते तेथे रेषा ओढणे अधिक शहाणपणाचे असते.

पन्नास खाटांच्या एखाद्या रुग्णालयाचे काल्पनिक उदाहरण घेऊ. खऱ्या यादीत तीन-चारशे औषधे असतील, येथे सोयीसाठी दहाच घेतली आहेत. त्यामुळे ए गटातील औषधांचे प्रमाण नेहमीपेक्षा मोठे दिसेल, पण गणिताची रीत तीच राहते.

| औषध | वार्षिक खप | दर (रु.) | रक्कम (रु.) | बेरजेचे टक्के |
|---|---|---|---|---|
| मेरोपेनेम १ ग्रॅम | १,२०० | ४०० | ४,८०,००० | ४०.० |
| अल्ब्युमिन २०% | ४८ | ५,००० | २,४०,००० | ६०.० |
| नॉर्मल सलाईन ५०० मिली | ६,००० | ३० | १,८०,००० | ७५.० |
| एनॉक्झापॅरिन | ३०० | ४०० | १,२०,००० | ८५.० |
| सेफ्ट्रायॅक्झोन १ ग्रॅम | १,८०० | ४० | ७२,००० | ९१.० |
| पँटोप्रॅझोल इंजेक्शन | १,००० | ४८ | ४८,००० | ९५.० |
| ऑन्डॅन्सेट्रॉन इंजेक्शन | ३,००० | १० | ३०,००० | ९७.५ |
| पॅरासिटामॉल गोळी | १८,००० | १ | १८,००० | ९९.० |
| ॲड्रेनलिन ॲम्प्यूल | ५०० | १५ | ७,५०० | ९९.६ |
| ॲट्रोपिन ॲम्प्यूल | ९०० | ५ | ४,५०० | १००.० |

पहिली तीन औषधे ए गटात, पुढची तीन बी गटात आणि शेवटची चार सी गटात येतात. अल्ब्युमिनच्या वर्षाला फक्त ४८ बाटल्या लागतात, तरी ते वर येते, आणि तीस रुपयांची सलाईनची बाटलीही त्याच गटात जाऊन बसते. महागडी औषधे कुलपात आणि स्वस्त औषधे उघड्या मांडणीवर, एवढ्यालाच नियंत्रण समजण्याची सवय अनेक भांडारांत असते. सलाईनची खोकी मग जिन्याखाली पडून राहतात आणि त्यांची मोजदाद कोणी करत नाही. रक्कम दर आणि खप या दोहोंच्या गुणाकारातून ठरते, हे या कोष्टकातील सलाईनची ओळ दाखवते.

ए गटावर नियंत्रण ठेवायचे म्हणजे साठा कमी ठेवायचा, मागणी वारंवार नोंदवायची आणि मोजणी दर आठवड्याला करायची. वरच्या उदाहरणात मेरोपेनेमच्या महिन्याला १०० कुप्या लागतात. तीन महिन्यांच्या ३०० कुप्या एकदम घेतल्या तर १,२०,००० रुपये एकाच औषधात अडकतात. दर पंधरवड्याला ५० कुप्या घेतल्या तर एका खेपेला २०,००० रुपयेच लागतात. मागणी कधी नोंदवायची हेही हिशेबाने ठरवता येते. रोजचा खप सुमारे ३.३ कुप्यांचा आहे. पुरवठादाराकडून माल यायला सात दिवस लागत असतील आणि आणखी सात दिवसांचा राखीव साठा ठेवायचा असेल, तर मांडणीवर ४६ कुप्या उरताच मागणी गेली पाहिजे. सी गटातील ऑन्डॅन्सेट्रॉन किंवा पॅरासिटामॉल तीन ते सहा महिन्यांचे एकदम घेतले तरी चालते, कारण तेथे रोकड फारशी अडकत नाही आणि वारंवार मागणीपत्रे काढण्याचा खटाटोप वाचतो; मुदतीच्या तारखांवर मात्र लक्ष ठेवावे लागते.

एबीसी विश्लेषणाची सर्वांत मोठी मर्यादा कोष्टकाच्या तळाशी आहे. ॲड्रेनलिन आणि ॲट्रोपिन यांची रक्कम सर्वांत कमी असल्याने केवळ पैशाच्या निकषावर ती सर्वांत दुर्लक्षित राहतील. प्रत्यक्षात तीव्र ॲलर्जीचा झटका आलेल्या रुग्णाला ॲड्रेनलिन आणि कीटकनाशकाच्या विषबाधेच्या रुग्णाला ॲट्रोपिन काही मिनिटांत मिळाले नाही तर तो दगावू शकतो. रक्कम या निकषाला हे कळत नाही, आणि ते त्याच्याकडून अपेक्षितही नाही. म्हणून रुग्णालयांत एबीसीच्या जोडीला व्हीईडी विश्लेषण करतात. त्यात वैद्यक व औषधनिर्माण अधिकारी मिळून प्रत्येक औषधाला जीवरक्षक, आवश्यक किंवा इष्ट असा दर्जा देतात. मग दोन्ही निकष एकत्र मांडून ए गटातील सर्व आणि जीवरक्षक दर्जाची सर्व औषधे पहिल्या वर्गात घेतात. हा वर्ग सर्वांत कडक नियंत्रणाचा. सी गटातील इष्ट औषधे तिसऱ्या वर्गात जातात आणि बाकीची दुसऱ्यात. चंडीगडच्या त्याच अभ्यासात असा पहिला वर्ग ९३ वस्तूंचा निघाला आणि त्यावरील खर्च एकूण खर्चाच्या सुमारे ७४ टक्के भरला.

पहिल्या वर्गातील दोन प्रकारच्या औषधांवरचे नियंत्रण मात्र एकसारखे नसते, आणि ही गोष्ट व्यवहारात बरेचदा निसटते. मेरोपेनेमचा साठा काटेकोरपणे कमी ठेवायचा असतो, तर ॲड्रेनलिनचा साठा सढळ हाताने वाढवायचा असतो. सबंध वर्षाच्या ॲड्रेनलिनची किंमत ७,५०० रुपये, म्हणजे मेरोपेनेमच्या जेमतेम १९ कुप्यांइतकी आहे. तेथे काटकसर करून काहीच वाचत नाही. त्याचे नियंत्रण वेगळ्या गोष्टींचे असते: प्रत्येक वॉर्डातील आपत्कालीन ट्रेमध्ये ठरलेली ॲम्प्यूल आहेत का, ती उजेडापासून झाकलेली आहेत का आणि जवळची मुदत असलेली आधी वापरली जातात का.

विश्लेषण चुकते ते बहुतेक वेळा आकडे गोळा करतानाच. सर्वांत जास्त आढळणारी चूक एककाची. पॅरासिटामॉलच्या १८,००० गोळ्यांचा खप साठा नोंदवहीत गोळ्यांत लिहिलेला असतो आणि खरेदीच्या बिलावर दहा रुपये हा दर दहा गोळ्यांच्या स्ट्रिपचा असतो. दोन्हींचा तसाच गुणाकार केला की रक्कम १,८०,००० रुपये येते आणि पॅरासिटामॉल सलाईनच्या बरोबरीने ए गटात जाऊन बसते. ती चूक पकडण्याचा उपाय म्हणजे ए गटाची तयार यादी भांडारात रोज काम करणाऱ्या माणसाला दाखवणे. तेथे न शोभणारे नाव त्याला लगेच खटकते.

दुसरी चूक भारतात विशेष दिसते, कारण येथे एकच औषध अनेक कंपन्यांच्या नावांनी घेतले जाते. वरच्या उदाहरणातील मेरोपेनेम तीन कंपन्यांकडून सारख्या प्रमाणात घेतले असते आणि यादी व्यापारी नावांनी केली असती, तर १,६०,००० रुपयांच्या तीन ओळी तयार झाल्या असत्या. यादीच्या शिखरावर अल्ब्युमिन दिसले असते आणि एकूण खर्चाचा ४० टक्के भाग एकाच प्रतिजैविकावर जातो ही सर्वांत महत्त्वाची माहिती दडून राहिली असती. म्हणून यादी औषधाच्या मूळ नावाने, मात्रेनुसार आणि स्वरूपानुसार करावी. दर छापील किमतीचा न धरता प्रत्यक्ष खरेदीचा धरावा. दहा नगांवर एक फुकट अशी योजना असेल तर दहाची रक्कम अकराने भागूनच दर काढावा. सरकारी कार्यक्रमातून विनामूल्य येणाऱ्या औषधांना बाजारभावाचा मानीव दर लावावा लागतो, नाहीतर क्षयरोगाची औषधे शून्य रकमेने यादीच्या तळाला जातात.

खपाचा आकडाही तपासून घ्यावा लागतो. एखादे औषध चार महिने मिळालेच नाही तर उरलेल्या आठ महिन्यांचा खप वर्षाचा म्हणून नोंदला जातो आणि ते औषध खालच्या गटात घसरते; मग त्याचा साठा आणखी कमी ठेवला जातो आणि तुटवडा पुन्हा येतो. अशा वेळी औषध उपलब्ध असलेल्या महिन्यांचा सरासरी खप काढून त्याला बाराने गुणणे योग्य असते. मॉर्फिनसारख्या अमली औषधांना गट कोणताही आला तरी कायद्याने ठरवलेल्या नोंदी व कुलूपबंद साठवण चुकत नाही.

गटवारी वर्षातून एकदा तरी नव्याने करावी लागते. औषध किंमत नियंत्रण आदेश, २०१३ नुसार अनुसूचित औषधांच्या कमाल किमती दरवर्षी घाऊक किंमत निर्देशांकाप्रमाणे बदलतात, एखाद्या औषधाची नवी स्वस्त कंपनी येते, एखादा नवा तज्ज्ञ रुजू होऊन वेगळीच औषधे लिहू लागतो. वार्षिक बेरजेतून हंगामही दिसत नाही. सर्पविषरोधी लशीचा खप ग्रामीण रुग्णालयांत पावसाळ्यात एकवटतो. वर्षाच्या खपाला बाराने भागून तिची मासिक मागणी काढली तर उन्हाळ्यात शीतकपाट भरलेले राहते आणि जुलैमध्ये कुप्या कमी पडतात. अशा औषधांचा राखीव साठा मागील दोन-तीन वर्षांच्या जून ते सप्टेंबरमधील खपावरून वेगळा काढून मे महिन्यातच मागवून ठेवावा लागतो.