मॅकरॉनसाठी अंड्याचं पांढरं मुरवावं का?

बेबिंकेला बलक लागतो आणि तो भरपूर लागतो. दहा अंड्यांची बेबिंका झाली की जवळपास तीनशे ग्रॅम पांढरं बाउलमध्ये उरतं. त्याचं मेरँग किंवा मॅकरॉन करायचं ठरलं की एक सल्ला हमखास ऐकू येतो : ताजं पांढरं वापरू नका, झाकणाला भोकं पाडून एक-दोन दिवस मुरू द्या. हा सल्ला फ्रेंच पेस्ट्रीकामातून आलेला आहे आणि त्यात तथ्य आहे. पण पांढरं मुरताना त्यात दोन अगदी वेगळ्या गोष्टी घडतात. त्यांपैकी एक बाजारातल्या अंड्यात आधीच घडून गेलेली असते, तर दुसरी गोव्याच्या दमट हवेत ओट्यावर ठेवून नीट घडतच नाही.

पहिली गोष्ट हवेची. कोंबडीने नुकत्याच घातलेल्या अंड्यात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो. कवचाला हजारो सूक्ष्म छिद्रं असतात, त्यांतून तो हळूहळू निसटतो. तो गेला की पांढरं अधिक अल्कधर्मी होतं : ताज्या अंड्यात पीएच साधारण ७.६ ते ८ असतो, तो काही दिवसांत ९ च्या पुढे जातो. त्याचबरोबर घट्ट पांढरं पातळ होत जातं. त्याला जेलीसारखं धरून ठेवणाऱ्या ओव्होम्युसिन या प्रथिनाची जाळी सैल पडते. हे बशीत दिसतं. ताजं अंडं फोडलं की बलकाभोवती पांढऱ्याचा उंच, गोल चबुतरा उभा राहतो. जुनं अंडं फोडलं की ते पाण्यासारखं बशीभर पसरतं.

गोव्यात विकली जाणारी बहुतेक अंडी शेजारच्या राज्यांतून ट्रकने येतात. फार्मवरून घाऊक व्यापाऱ्याकडे, तिथून दुकानात आणि मग घरात, तेही उकाड्यात. या प्रवासात पहिली गोष्ट बऱ्याच अंशी उरकलेली असते. बशीत पसरणारं पांढरं आणखी दोन दिवस ठेवून त्याचा पीएच फारसा वाढणार नाही. गावठी कोंबडीचं आज सकाळचं अंडं असेल तरच या बाबतीत खरा फरक दिसेल.

फरक दिसतो तो असा. पातळ पांढरं लवकर फुलतं. बीटर त्यातून सहज फिरतो, प्रथिनं हवेच्या बुडबुड्याभोवती पटकन पसरतात आणि फेसाचं आकारमानही जास्त होतं. ताजं, घट्ट पांढरं फुलायला वेळ घेतं, पण त्याचा फेस जास्त टिकतो, कारण बुडबुड्यांमधला द्रव दाट असल्याने खाली ओघळत नाही. म्हणजे जुन्या पांढऱ्याचा फायदा वेगात आहे आणि तोटा टिकाऊपणात. ‘मुरवलेल्या पांढऱ्याचा फेस जास्त पक्का होतो’ हे जे सांगितलं जातं, ते उलटं आहे.

खात्री करायची असेल तर चाचणी सोपी आहे. एकाच ट्रेमधल्या काही अंड्यांचं पांढरं आज वेगळं काढून ठेवा आणि उरलेली अंडी कवचासकट फ्रिजमध्ये राहू द्या. दोन दिवसांनी तीही फोडा. दोन्हींचं पन्नास-पन्नास ग्रॅम पांढरं एकाच तापमानाला आणा आणि साखर न घालता वाकलेलं टोक येईपर्यंत फेटा. फेस वेगवेगळ्या नरसाळ्यांत भरून खाली पेला ठेवा. अर्ध्या तासात कोणाच्या पेल्यात जास्त पाणी साचतं ते बघा. तापमानाची अट महत्त्वाची आहे. थेट फ्रिजमधलं ताजं पांढरं आणि ओट्यावरचं कोमट जुनं पांढरं यांची तुलना केली, तर जे दिसतं तो मुख्यतः थंडीचा परिणाम असतो. थंड पांढरं दाट असतं आणि हळू फुलतं, एवढंच.

हीच चाचणी साखर घालून केली तर टिकाऊपणातला फरक जवळपास पुसला जातो. मेरँगमध्ये पांढऱ्याच्या दुपटीइतकी साखर असते, मॅकरॉनच्या फेसात जवळजवळ त्याच वजनाची. साखर विरघळून द्रवाला दाटपणा देते आणि जुन्या पांढऱ्यात कमी झालेला दाटपणा भरून निघतो. मॅकरॉनच्या इटालियन पद्धतीत तर ११८ अंश सेल्सिअसचा पाक धारेने फेसात ओतला जातो आणि प्रथिनं तिथेच अर्धवट शिजून घट्ट बसतात. त्या पद्धतीत पांढरं किती मुरलं होतं याला आणखीच कमी महत्त्व राहतं.

आता दुसरी गोष्ट, पाणी. मॅकरॉनवाल्यांना मुरवण्यातून खरं तर हेच हवं असतं. शंभर ग्रॅम पांढऱ्यात साधारण ८८ ग्रॅम पाणी आणि साडेदहा ग्रॅम प्रथिनं असतात. उघड्या, रुंद भांड्यातून पाणी उडतं, प्रथिनं उडत नाहीत. मिश्रण जास्त ओलं असेल तर मॅकरॉन ट्रेवर पसरतात, त्यांवर साय धरत नाही आणि ओव्हनमध्ये वाफ वरचं कवच फोडून बाहेर येते. साय धरली असेल तर वाफेला वर वाट मिळत नाही, ती कडेने खालून ढकलते आणि कवचाखाली फेसाळ झालर तयार होते, जिला बेकर ‘फीट’ म्हणतात.

इथे वजन कधी केलं यावर सगळं अवलंबून आहे. समजा १३० ग्रॅम बदामपूड, १३० ग्रॅम आयसिंग शुगर, ९० ग्रॅम कॅस्टर शुगर आणि १०० ग्रॅम पांढरं अशी कृती आहे. मुरवण्याआधी १०० ग्रॅम मोजलं आणि दोन दिवसांत १० ग्रॅम घटलं, तर मिश्रणात ८८ ऐवजी ७८ ग्रॅम पाणी गेलं. हा मोठा फरक आहे, हाताला लगेच कळेल असा. पण मुरवल्यानंतर १०० ग्रॅम मोजलं तर त्यात पाणी जेमतेम ८६.७ ग्रॅम, म्हणजे ताज्यापेक्षा सव्वा ग्रॅमने कमी. एवढ्यासाठी दोन दिवस थांबण्यात काही अर्थ नाही. एकाला मुरवल्याने झकास फरक पडतो, दुसऱ्याला काहीच जाणवत नाही, याचं बरंचसं उत्तर या वजनात आहे.

मग सरळ ९० ग्रॅम ताजंच पांढरं घेतलं तर? पाणी ७९ ग्रॅम, जवळपास मुरवल्याइतकंच. प्रथिनं मात्र साडेदहाऐवजी साडेनऊ ग्रॅमच्या आसपास. कमी पडलेली ही प्रथिनं भरून काढायला बेकिंगच्या दुकानात मिळणारी अंड्याच्या पांढऱ्याची पावडर एक ग्रॅम पुरते. ती कॅस्टर शुगरमध्ये आधी मिसळून घ्यावी, नाहीतर गुठळ्या होतात. रोजचं काम करणाऱ्यासाठी ही वाट जास्त भरवशाची आहे, कारण दर वेळी किती पाणी उडेल हे हवेवर सोडावं लागत नाही.

आणि गोव्यात ते हवेवर सोडताच येत नाही. जुलैत पणजीची सापेक्ष आर्द्रता ८५ ते ९० टक्क्यांच्या घरात असते. अशा हवेत ओट्यावरच्या बाउलमधून पाणी फारच थोडं उडतं, आणि २८-३० अंशांत जंतू मात्र जोमाने वाढतात. पांढऱ्यात लायसोझाइमसारखी जंतूंना अटकाव करणारी प्रथिनं आहेत हे खरं, पण साल्मोनेला रोखायला त्यांच्यावर विसंबून राहू नये. युरोपातल्या थंड, कोरड्या स्वयंपाकघरातली ओट्यावर रात्रभर ठेवण्याची सवय इथे आणू नये. मुरवायचंच असेल तर ते फ्रिजमध्येच. नो-फ्रॉस्ट फ्रिजची हवा कोरडी असते, त्यामुळे पाणी उडण्याचं कामही तिथेच चांगलं होतं. रुंद काचेच्या बाउलचं रिकामं वजन लिहून ठेवा, वर भोकं पाडलेली फॉइल लावा आणि रोज काट्यावर ठेवून बघा. दहा टक्के घटलं की घट्ट झाका. वेगळं काढल्यापासून चार दिवसांच्या आत वापरा. त्याच फ्रिजमध्ये सुकी मासळी असेल तर ती हवाबंद डब्यात हवी, कारण उघडं पांढरं वास ओढून घेतं. पृष्ठभागावर वाळकी साय धरली असेल तर फेटण्याआधी पांढरं गाळून घ्या, नाहीतर तिचे कण फेसात तसेच राहतात. गुलाबी किंवा हिरवट झाक दिसली, वास आला, तर सगळं टाकून द्या.

फेस टिकण्यासाठी आम्लाचा उपयोग मुरवण्याहून कितीतरी जास्त होतो, आणि ते नेमकं उलट्या दिशेने काम करतं. मुरताना पीएच वर जातो, क्रीम ऑफ टार्टर तो खाली आणतं. पीएच उतरला की प्रथिनांवरचा विद्युतभार घटतो, ती एकमेकांना ढकलत नाहीत आणि बुडबुड्याभोवती दाटीने बसतात. शिवाय प्रथिनांमध्ये गंधकाचे पक्के बंध जास्त जुळण्याला आम्ल आळा घालतं. हे बंध अति जुळले की फेस दाणेदार होतो आणि पाणी सोडतो, ज्याला आपण ‘जास्त फेटलं गेलं’ म्हणतो. शंभर ग्रॅम पांढऱ्याला पाव चहाचा चमचा टार्टर पुरतं. मेरँगमध्ये त्याऐवजी लिंबाचा रस चालतो, दर अंड्याला सुमारे अर्धा चहाचा चमचा. मॅकरॉनला तो नको, कारण तीन अंड्यांमागे सात-आठ मिलिलिटर द्रव वाढतो आणि मुरवून जे कमावलं त्यातलं बरंचसं परत जातं.

पावसाळ्यात बाउलमधून जे पाणी गेलं नाही, ते ट्रेवर टाकलेल्या मॅकरॉनवरून घालवता येतं. एसी चालू असलेल्या बंद खोलीत ट्रे पंख्याखाली ठेवा आणि घड्याळाऐवजी बोटाने तपासा. कवचावर हलकं बोट फिरवलं आणि काहीही चिकटलं नाही, तरच ट्रे ओव्हनमध्ये जाऊ द्या. कोरड्या दिवशी याला अर्धा तास लागतो, पावसात तास-दीड तासही लागू शकतो. दीड तासानंतरही चिकटत असेल तर मिश्रणातच पाणी जास्त आहे किंवा ते जास्त ढवळलं गेलंय, आणखी थांबून उपयोग नाही.

मेरँगचं गणित याहून सोपं आहे. ९० ते १०० अंशांवर दीड-दोन तास वाळवताना पाणी तसंही जाणारच असतं, म्हणून त्यासाठी पांढरं मुरवण्याची गरज नाही. तिथे घात होतो तो ओव्हनमधून काढल्यानंतर. साखर हवेतली ओल शोषते आणि कुरकुरीत मेरँग पावसाळ्यात थोड्या वेळातच चिकट होतं. ओव्हन बंद करून दार न उघडता त्यातच गार करा आणि गार होताच सिलिका जेलच्या पुडीसह हवाबंद डब्यात भरा.

बेबिंकेनंतरचं तीनशे ग्रॅम पांढरं चार दिवसांत संपणार नसेल तर शंभर-शंभर ग्रॅमच्या डब्यांत फ्रीजरमध्ये ठेवा, वर वजन आणि तारीख लिहा. गोठवल्याने त्याची फुलण्याची ताकद फारशी जात नाही. आदल्या रात्री डबा खालच्या कप्प्यात वितळायला ठेवायचा आणि फेटण्याआधी अर्धा तास बाहेर काढायचा.