इतिवृत्तलेखन (कच्च्या टिपणांवरून)

सभेत घाईने उतरवलेल्या टिपणांना विषयवार, ठरावांसह आणि कार्यवाहीच्या जबाबदारीसह दिलेले पक्के रूप म्हणजे इतिवृत्त. कोल्हापूर परिसरातील दूध संस्था, पतसंस्था, सेवा सोसायट्या आणि गृहनिर्माण संस्थांत त्याला सरसकट ‘प्रोसिडिंग’ म्हणतात, आणि ते ज्या वहीत उतरते ती ‘प्रोसिडिंग बुक’. कार्यवृत्त, सभावृत्त हे पर्यायी शब्दही चालतात.

संज्ञेचा उगम : ‘मिनिट्स’ या इंग्रजी शब्दाचा संबंध घड्याळातील मिनिटाशी जोडून ‘मिनिटामिनिटाची हकिकत’ असा अर्थ सांगितला जातो. तो फारसा टिकत नाही. ‘बारीक लिखाण’ किंवा ‘कच्चे टिपण’ अशा अर्थाच्या ‘मिनुटा स्क्रिप्तुरा’ या लॅटिन शब्दप्रयोगापासून ही संज्ञा आली असावी, हे मत अधिक ग्राह्य वाटते. सभेचा वृत्तांत या अर्थाने तिचा वापर साधारणतः अठराव्या शतकाच्या आरंभापासून दिसतो. म्हणजे आज जे पक्के मानले जाते त्याचे नाव मुळात कच्च्याचे होते. मराठी ‘इतिवृत्त’ची वाट वेगळी आहे. ‘इति’ म्हणजे असे आणि ‘वृत्त’ म्हणजे घडलेले. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात इतिहासाच्या घटकांमध्ये पुराणाबरोबर इतिवृत्ताची गणना आहे. नाट्यशास्त्रात मात्र इतिवृत्त म्हणजे कथानक, आणि ते नाट्याचे शरीर मानले आहे. आजच्या कार्यालयीन अर्थाला पहिली छटा जवळची आहे. काहींना ‘कार्यवृत्त’ हा शब्द अधिक काटेकोर वाटतो, कारण सभेत जे बोलले गेले त्यापेक्षा जे कार्य झाले ते नोंदवायचे असते. प्रत्यक्षात दोन्ही शब्द एकाच अर्थाने वापरले जातात.

मांडणी : सभेचा प्रकार व क्रमांक, दिनांक, वार, वेळ, स्थळ, उपस्थितांची नावे, रजेचे अर्ज आणि गणपूर्ती हा मथळ्याचा भाग सर्वांच्या परिचयाचा आहे. पुढे सूचनापत्रातील विषयपत्रिकेच्याच क्रमाने प्रत्येक विषयाखाली थोडक्यात चर्चा, मग ठराव, सूचक व अनुमोदक, आणि शेवटी कार्यवाही. मतभेद झाला असल्यास ‘सर्वानुमते’ न लिहिता बाजूची व विरोधाची मते आकड्यांत द्यावी लागतात. टिपणे माणसे बोलतील त्या क्रमाने पडतात, इतिवृत्त विषयांच्या क्रमाने लागते. म्हणून पहिले काम लिहिण्याचे नसून टिपणातील प्रत्येक ओळीपुढे समासात विषय क्रमांक घालण्याचे आहे. कोणत्याच क्रमांकाखाली न बसणारी ओळ एक तर आयत्या वेळचा विषय असते किंवा गप्पा.

दुसऱ्या फेरीत त्याच ओळींवर च, ठ किंवा का (चर्चा, ठराव, कार्यवाही) अशी खूण करतात. सर्वाधिक चुका येथेच होतात, कारण बोलण्यातली क्रियापदे फसवी असतात. ‘बघतो की’ हे कोल्हापुरी उत्तर चौकशी करतो, काम करतो किंवा नको, या तिन्ही अर्थांनी येते. ‘करूया’ हा ठराव असेलच असे नाही; अध्यक्षांनी विषय मिटवताना काय म्हटले ते पाहावे लागते. टिपणात ते नसेल तर दोन दिवसांच्या आत त्यांना विचारून घ्यावे. आठवडा उलटला की प्रत्येकाला आपापले म्हणणेच ठरल्यासारखे आठवते.

नमुना : पंचगंगेच्या पूररेषेलगतच्या एका गृहनिर्माण संस्थेच्या मे महिन्यातील समिती सभेची टिपणे पुढीलप्रमाणे आहेत असे समजू.

> पंप वर घ्यायचा. ओटा ३ फूट. सगळे हो
> कोटेशन २ – ३८, ४१. ३८ घ्या
> टॅक्स धरून? खजि. – बघतो, २० पर्यंत
> वॉचमन पगार – पुढच्या मीटिंगला
> ३९ ला मोटर काढायची. सगळे हो. कोण?

पहिल्या दोन ओळी ठरावाच्या आहेत. तिसरी कार्यवाही आहे. चौथी आयत्या वेळच्या विषयाखाली जाते, आणि तिथे ‘विषय पुढील सभेपुढे ठेवावा’ एवढेच लिहायचे. पाचवी अर्धी ठराव आहे आणि अर्धी रिकामी. पक्के रूप असे होईल :

> विषय क्र. ३ : पावसाळ्यापूर्वी पाण्याच्या पंपाची व्यवस्था करणे.
> ठराव क्र. ३ : तळमजल्यावरील पंप ३ फूट उंचीच्या ओट्यावर बसवावा व त्यासाठी आलेल्या दोन दरपत्रकांपैकी रु. ३८,००० चे दरपत्रक स्वीकारावे. राजाराम बंधाऱ्यावरील पाणीपातळी ३९ फूट (इशारा पातळी) होताच मोटर काढून घ्यावी. सर्वानुमते मंजूर.
> कार्यवाही : (१) दरपत्रकात कर धरला आहे का, हे पुरवठादाराकडून लेखी घेणे : खजिनदार, २० मेपर्यंत. (२) मोटर काढण्याची जबाबदारी सभेत निश्चित झाली नाही. पुढील सभेपुढे ठेवणे : सचिव.

येथे तीन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. ‘करासह’ हा शब्द लिहिण्याचा मोह होतो, पण सभेला ते माहीतच नव्हते. तो घातला आणि पुढे देयक कर लावून आले, तर ठराव व देयक जुळत नाही आणि लेखापरीक्षणात आक्षेप निघतो. दुसरे, ‘३९’ हा आकडा सुटा ठेवला तर वाचणारा त्याला धोका पातळी समजू शकतो. राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. ठरावात चुकून ‘धोका पातळी’ पडले तर मोटर काढणारा पाणी आणखी चार फूट चढेपर्यंत थांबेल. आकड्यासोबत परिमाण, ठिकाण आणि पातळीचे नाव लिहायचे ते याचसाठी. तिसरे, मोटर कोण काढणार ही रिकामी जागा सचिवाने स्वतःच्या अंदाजाने भरलेली नाही. अध्यक्षांनी सभेनंतर फोनवर एखाद्याला काम सांगितले तर ते पत्राने कळवता येते, परंतु सभेने सांगितले असे इतिवृत्तात येऊ शकत नाही. मे महिन्यात पुढील सभा जवळ असावी, एवढी काळजी मात्र घ्यावी लागते.

कार्यवाहीच्या रकान्यात ‘समिती’ किंवा ‘सर्व सदस्य’ असे लिहिलेले काम बहुधा कोणाचेच राहत नाही. एक पदाधिकारी, एक तारीख आणि हातात काय यायचे (लेखी उत्तर, पावती, दरपत्रक) एवढे लिहिले की पुढील सभेत ‘झाले’ किंवा ‘झाले नाही’ असे सरळ उत्तर मिळते. ‘पाठपुरावा करणे’ हे काम कधी संपले ते ओळखता येत नाही.

कायम करणे : पुढील सभेत इतिवृत्त वाचून कायम करताना नोंद बरोबर आहे की नाही एवढेच पाहायचे असते. त्या निमित्ताने निर्णयच फिरवण्याचा प्रयत्न वारंवार होतो. त्यासाठी स्वतंत्र विषय व नवा ठराव लागतो. दुरुस्ती करताना जुना मजकूर वाचता येईल अशी एकच रेघ मारून बाजूला सही करावी, व्हाइटनर वापरू नये. पानाखालची मोकळी जागा तिरप्या रेघेने बंद करतात, नाहीतर तिथे नंतर ओळ शिरते. टंकलिखित पान वहीत डकवण्याची रीत सहकारी संस्थांत दिसते. अशा वेळी सही निम्मी पानावर व निम्मी वहीवर येईल अशी करतात. कंपन्यांना डकवण्यास मनाई आहे. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार त्यांचे इतिवृत्त सभेपासून ३० दिवसांत वहीत उतरावे लागते, आणि संचालक मंडळाच्या सभेचा मसुदा सचिवीय मानकाप्रमाणे १५ दिवसांत संचालकांकडे जातो.

तालमी व उत्सव मंडळांच्या बैठकांना सूचक-अनुमोदकाची चौकट सहसा लागत नाही. तेथे तारखेसह कार्यवाहीचा तक्ता पुरतो.