एकच रिंग, दोन झोके

भरतकामाच्या लाकडी चौकटीत दोन रिंगा असतात. बाहेरच्या रिंगेला स्क्रू असतो, आतली मात्र साधी, सगळीकडे सारखीच जाड. 30 सेंटिमीटर व्यासाची अशी आतली रिंग खिळ्याला अडकवा आणि भिंतीला समांतर, डावी-उजवीकडे हलकेच झुलवा. जाऊन-येऊन एक, असे 20 झोके मोजले तर साधारण 22 सेकंद लागतात. आता तीच रिंग चिकटपट्टीच्या आखूड तुकड्यानं टेबलाच्या कडेला लटकवा आणि बिजागरीवरच्या झडपेसारखी पुढे-मागे झुलू द्या. 20 झोके 19 सेकंदांतच होतात. रिंग तीच, वस्तुमान तेच, केंद्रही टांगलेल्या जागेपासून तेवढंच खाली. बदलला तो फक्त फिरण्याचा अक्ष.

वस्तू फिरवायला किती जड जाईल हे तिच्या मोमेंट ऑफ इनर्शियावर ठरतं. प्रत्येक कणाचं वस्तुमान घ्यायचं, त्याला अक्षापासूनच्या अंतराच्या वर्गानं गुणायचं आणि सगळ्यांची बेरीज करायची. रिंगेच्या मध्यातून, तिच्या प्रतलाला लंब जाणारा अक्ष घेतला तर हे काम एका ओळीचं आहे. सगळे कण R अंतरावर, म्हणून उत्तर MR².

व्यासाभोवती फिरवायचं म्हटलं की पंचाईत होते. काही कण अक्षावरच असतात, काही R इतके लांब, बाकीचे मध्ये कुठेतरी. इंटिग्रेशन करता येतं, पण गरज नाही. रिंगेच्या प्रतलात केंद्रातून जाणारे, एकमेकांना काटकोनात असलेले x आणि y हे अक्ष काढा. कुठल्याही कणाचं x अक्षापासूनचं अंतर म्हणजे त्याचा y, आणि y अक्षापासूनचं अंतर म्हणजे त्याचा x. पायथागोरसनुसार x² + y² म्हणजे केंद्रापासूनच्या अंतराचा वर्ग, आणि सपाट वस्तूत तेच लंब अक्षापासूनचं अंतर असतं. म्हणून

Iz = Ix + Iy

लंब अक्षांचं प्रमेय ते एवढंच. रिंगेचे सगळे व्यास सारखे, त्यामुळे Ix आणि Iy समान, आणि प्रत्येक MR²/2.

आता टांगलेल्या बिंदूकडे येऊ. केंद्रातला अक्ष स्वतःला समांतर ठेवून R अंतरावर सरकवला की MR² ची भर पडते. हे समांतर अक्षांचं प्रमेय. खिळ्याभोवतीचा झोका लंब अक्षाभोवती आहे, म्हणून MR² + MR² = 2MR². चिकटपट्टीवरचा झोका रिंगेला वरच्या टोकाशी स्पर्श करणाऱ्या आडव्या रेषेभोवती आहे, म्हणून MR²/2 + MR² = 3MR²/2.

विद्यार्थी नेमके इथे घसरतात. स्पर्शिकेच्या 3/2 मध्ये केंद्रातल्या आडव्या व्यासाचा 1/2 मिळवतात. बेरीज 2 येते, उत्तर बरोबर दिसतं, पण कारण चुकीचं. प्रमेयातले तिन्ही अक्ष एकाच बिंदूतून जायला हवेत. वरच्या टोकातून जाणारे प्रतलातले दोन अक्ष म्हणजे आडवी स्पर्शिका आणि उभा व्यास. उभा व्यास केंद्रातूनही जातोच, म्हणून त्याचा 1/2. हिशेब आता रीतसर जुळतो.

झोक्याचा वेळ काढायला या उत्तराला MR नं भागायचं, की त्याच तालात झुलणाऱ्या साध्या लंबकाची लांबी मिळते. खिळ्यावरची रिंग 2R, म्हणजे 30 सेंटिमीटर लांब दोरीच्या लंबकासारखी झुलते आणि एका झोक्याला 1.10 सेकंद घेते. चिकटपट्टीवरची रिंग 1.5R, म्हणजे 22.5 सेंटिमीटरच्या लंबकासारखी, 0.95 सेकंदांत. झोका दहा अंशांच्या आत ठेवा, आणि पट्टी आखूडच हवी. ती लोंबकळली तर तिचाच वेगळा झोका सुरू होतो.

भरीव चकतीत वस्तुमान केंद्राजवळही असतं, म्हणून लंब अक्षाभोवती MR²/2 आणि व्यासाभोवती त्याच्या निम्मं, MR²/4. काठाशी टांगली की अनुक्रमे 3MR²/2 आणि 5MR²/4. गंमत पाहा: खिळ्यावर झुलणारी चकती आणि पट्टीवर झुलणारी तेवढ्याच त्रिज्येची रिंग एका तालात झुलतात. कोणाचं वजन किती, याचा संबंधच नाही.

जाडी आली की मात्र प्रमेय ढिलं पडतं, कारण प्रतलाबाहेरच्या कणाचं x किंवा y अक्षापासूनचं अंतर वाढतं, लंब अक्षापासूनचं वाढत नाही. एक सेंटिमीटर रुंदीच्या आपल्या रिंगेत ही चूक हजारात एकाहूनही कमी आहे. पण त्याच त्रिज्येचा 15 सेंटिमीटर लांब पाइपाचा तुकडा घेतला तर मध्यातल्या व्यासाभोवतीचं खरं उत्तर प्रमेयानं दिलेल्यापेक्षा एक-षष्ठांशानं जास्त निघतं.

पुठ्ठ्याच्या चकतीनं वेगळाच घोटाळा होतो. पट्टीवर तिचे 20 झोके हिशेबानं 17.4 सेकंदांत व्हायला हवेत, पण त्याहून जास्त वेळ लागतो आणि झोके लवकर विरतात. सपाट बाजूनं ती हवा ढकलत असते, आणि हलक्या पुठ्ठ्याच्या मानानं त्या हवेचं वस्तुमान दुर्लक्ष करण्याइतकं कमी नसतं. खिळ्यावर झुलताना ती हवा कापत जाते, म्हणून तिथे हा फरक जवळजवळ जाणवत नाही. प्लायवूडची चकती घेतली की पट्टीवरचा वेळही हिशेबाच्या बराच जवळ येतो.