चिडका बिब्बा (मराठवाड्यातील मुलांची चिडवणी)

खेळात हरलेल्या, रुसलेल्या किंवा रडकुंडीला आलेल्या गड्याला घोळक्याने तालावर चिडवण्यासाठी मुले ज्या ओळी म्हणतात, त्या म्हणजे चिडवणी. रडक्यासाठी, शेंबड्यासाठी, चहाडखोरासाठी, नुकतेच डोके भादरलेल्यासाठी वेगवेगळी चिडवणी असतात. त्यांतले ‘चिडका बिब्बा’ हे सबंध महाराष्ट्रात चालते. मराठवाड्यात मात्र त्यातला बिब्बा ही एके काळी घरोघरची वस्तू होती, म्हणून इथे तेच उदाहरण घेतले आहे.

बिब्बा हे काजूच्या कुळातल्या एका रानझाडाचे फळ. किनवट-माहूरच्या जंगलपट्ट्यात ही झाडे आढळतात. फळाची काळी टणक बी आणि तिला जोडलेला पिकल्यावर नारिंगी होणारा गर, अशी त्याची रचना असते. बीच्या आतला मगज म्हणजे लाडवात घालतात ती गोडंबी. गर आणि गोडंबी दोन्ही खाल्ले जातात, पण बीच्या सालीतले काळे तेल अंगाला लागले की कातडी लाल होते, सुजते, फोड येतात. याला बिब्बा उतणे म्हणतात. चांगल्या चाललेल्या कामात कोणी खोडा घातला तर त्याने ‘बिब्बा घातला’ म्हणतात, तेही याच गुणामुळे. रुसलेल्या पोराचे गाल फुगतात आणि बिब्ब्याने कातडी फुगते; चिडवण्यातली गंमत या जोडीत असावी असे वाटते. ज्याला हात लावायची सोय नाही असा गडी, हा अर्थही त्यात बसतो.

आज हे चिडवणे म्हणणाऱ्या बहुतेक लेकरांनी बिब्बा पाहिलेला नसतो. तरी ओळ टिकली, याचे पहिले कारण तिचा ताल. चिड-का-बिब्-बा असे चार ठोके, प्रत्येक दोन मात्रांचा. एकूण आठ मात्रा. टाळ्या वाजवत म्हणायला याहून सोपे काही नाही. शिवाय ओळीत नावासाठी जागा आपोआप तयार होते. गणेशचा गण्या, संतोषचा संत्या, बाळूचा बाळ्या होतो आणि पहिल्या अक्षरावर जोर दिला की ते नाव चार मात्रांत बसते: ‘गण्या चिडका, चिडका बिब्बा’. मुलींची शांते, सुमे ही हाक थोडी ताणली की तिथेच बसते. गण्या मोठा होऊन खेळातून जातो, त्याच्या जागी संत्या येतो. ओळ बदलावी लागत नाही. अर्थ हरवल्याने उलट फायदाच झाला असावा. ‘अरिंग मिरिंग’ म्हणताना तरी अर्थ कोण विचारतो?

दुसरे कारण पिढीच्या लांबीत आहे. ही गाणी आजी नातवाला शिकवते असा समज असतो. ओव्या आणि अंगाईगीते तशी येतात, चिडवणी तशी येत नाहीत. इंग्लंडमध्ये आयोना आणि पीटर ओपी या दांपत्याने सुमारे ५,००० शाळकरी मुलांकडून असा ऐवज गोळा करून १९५९ मध्ये प्रसिद्ध केला. तो मोठ्यांकडून नव्हे, तर मुलांकडूनच मुलांकडे जातो, हे त्यातून ठळकपणे दिसले. मराठवाड्यातल्या गल्लीतही चौथीतला पोरगा दुसरीतल्याला चिडवतो आणि दुसरीतला वर्षभरात पहिलीतल्यावर ते वापरतो. इथली पिढी पंचवीस वर्षांची नाही, दोन-चार वर्षांची असते. इतक्या थोड्या काळात विसरायला सवडच मिळत नाही. ऊसतोडीला आईबापांसोबत गेलेली बीडकडची लेकरे कोप्यांवर दुसऱ्या गावच्या पोरांत खेळतात. ओळी एका गावाहून दुसऱ्या गावाला जाण्याची ही एक वाट.

प्रत्यक्षात काय होते ते पाहू. गोट्यांचा डाव चालू आहे. गण्याची शेवटची गोटी जाते. “तू रेषा ओलांडलीस, मी नाही खेळत!” असे म्हणून तो गोट्या खिशात घालू लागतो. एक जण हळूच ओळ काढतो, बाकीचे उचलतात, “चिडायलंय, चिडायलंय!” अशी पुस्ती जोडतात. गण्यापुढे आता तीन वाटा असतात. तो ‘म्हणणाराच चिडका’ असे उलटवू शकतो, हसून परत खेळायला बसू शकतो, किंवा घरी जाऊन आईला सांगू शकतो. तिसरी वाट धरली तर उद्या चहाडखोराचे चिडवणे त्याची वाट पाहत असते. पहिल्या दोन्ही वाटांनी डाव पुढे चालतो. भांडण मारामारीपर्यंत न नेता रडीचा डाव मोडून काढणे, हे काम ही एक ओळ करते. सगळे मिळून म्हणतात म्हणून राग एकट्या कुणावर ठरत नाही, आणि आज चिडवणाऱ्यावर उद्या तीच पाळी येते.

ही पाळी फिरायची थांबली की चिडवणे बिघडते. नावाची जागा महिनोन् महिने एकाच पोरासाठी राखली गेली, तो उलट उत्तर न देता खेळायला यायचाच थांबला, किंवा ओळीत चिडण्याऐवजी जात, अंगाचे व्यंग किंवा घरातली गरिबी आली, तर ते चिडवणे राहत नाही. चिडका माणूस संध्याकाळपर्यंत निवळू शकतो. जात किंवा व्यंग निवळत नाही. जातीची नावे असलेली चिडवणीही पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहेत, आणि तीही याच तालामुळे, याच सोपेपणामुळे टिकली.