केळीचे वेफर आणि मक्याचे पफ: एकाच दुकानात, वेगळ्या गटात

जळगाव जिल्ह्यात सावदा-फैजपूरकडे वेफरवाले कच्ची केळी थेट कढईवर धरून किसतात. चकत्या तेलात पडतात, वरून मिठाचं पाणी, फार तर हळद किंवा तिखट. त्याच दुकानात दारावर मक्याच्या फुगीर मसालेदार पफची पाकिटं लटकलेली असतात. दोन्ही तेलकट, दोन्ही खारट. तरी आहारशास्त्र त्यांना एका गटात धरत नाही, आणि त्याचं कारण ब्राझीलमध्ये सापडतं.

साओ पाउलो विद्यापीठातले कार्लोस माँतेरो घरोघरच्या खरेदीच्या नोंदी तपासत होते. लोक साखर-तेल पूर्वीपेक्षा कमी विकत घेत होते, आणि लठ्ठपणा मात्र वाढत होता. साखर-तेल गेलं नव्हतंच, ते तयार पाकिटांतून येत होतं. म्हणून 2009 साली त्यांनी सुचवलं की पदार्थात काय आहे एवढंच पाहू नका, त्याच्यावर काय केलंय तेही पाहा. यातून 'नोव्हा' ही चार गटांची वर्गवारी उभी राहिली. चौथा गट म्हणजे अल्ट्रा-प्रोसेस्ड, अतिप्रक्रिया केलेले पदार्थ.

ओळखायचं कसं? पाकीट उलटं करा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. पफवर साधारण मक्याचं पीठ, पामोलिन, मग माल्टोडेक्स्ट्रिन, आम्लता नियंत्रक 330, चव वाढवणारे 627 आणि 631 असं दिसतं. माल्टोडेक्स्ट्रिन किंवा 631 आपल्या कुठल्या स्वयंपाकघरात असतं? ही नावं दिसली की चौथा गट समजायचा. पाकिटात असणं ही खूण नव्हे. ज्वारीचे सीलबंद बिबडे त्या गटात येत नाहीत.

असे पदार्थ खरंच जास्त खाल्ले जातात का, याचा प्रयोग अमेरिकेत संशोधक केविन हॉल यांनी केला. तो 2019 साली प्रसिद्ध झाला. 20 जणांना संशोधन संस्थेतच ठेवून दोन आठवडे अल्ट्रा-प्रोसेस्ड आणि दोन आठवडे साधं जेवण दिलं. समोर मांडलेल्या ताटांत कॅलरी, साखर, मीठ, स्निग्धांश, तंतू सारखे राखले होते आणि हवं तेवढं खायची मोकळीक होती. अल्ट्रा-प्रोसेस्ड जेवणावर माणसं दिवसाला सुमारे 500 कॅलरी जास्त खात होती. वजन दोन आठवड्यांत सरासरी 0.9 किलो वाढलं, साध्या जेवणावर तेवढंच उतरलं.

अल्ट्रा-प्रोसेस्ड जेवणावर त्यांचा खाण्याचा वेगही जास्त होता, आणि मला हा धागा फार महत्त्वाचा वाटतो. पफ बनवताना पीठ दाब आणि उष्णता देऊन बारीक छिद्रातून ढकलतात, बाहेर पडताच ते फुगतं. दाताखाली चावायला काही उरत नाही, जिभेवरच विरघळतं. पोट भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत पोचायला वेळ लागतो. तोवर पाकीट संपलेलं असतं. कळण्याची भाकरी आणि भरीत इतक्या घाईने खाताच येत नाही, ती चावावीच लागते.

प्रयोग मात्र लहान होता, आणि वेग, चव की थोड्या घासात भरलेल्या जास्त कॅलरी, यातलं नेमकं कोण जास्त जबाबदार हे त्यातून सुटं करता आलं नाही. केळीचे वेफर चौथ्या गटात नाहीत म्हणून ते हलके ठरत नाहीत. चकती तेल पितेच, आणि ते मूठमूठ खाल्ले तर कॅलरी भराभर वाढतात.